तू नेमकं काय शोधलंस?

पदवीच्या शेवटच्या वर्षी लिहिलेला प्रबंध साठ-सत्तर पानांचा असतो. पुढच्या शिक्षणासाठी, शिष्यवृत्तीसाठी किंवा संस्थेतल्या कामासाठी अर्ज करताना त्याला जागा मिळते ती जेमतेम दीडशे-दोनशे शब्दांची. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर चार वर्षांच्या पदवीत ‘संशोधनासह ऑनर्स’ हा मार्ग आला. त्यामुळे असा प्रबंध लिहिणाऱ्या मुली आता गृहविज्ञान, समाजकार्य, अर्थशास्त्र, विज्ञान अशा सगळ्याच शाखांत भेटतात. आमच्यासारख्या गटांकडे त्या अर्ज तपासून घ्यायला येतात आणि निवड समितीत बसायची वेळही आपल्यापैकी अनेकींवर येते. या दोन्ही बाजूंनी असे अर्ज वाचल्यावर माझं एक ठाम मत झालं आहे. चांगलं काम केलेली मुलगी पुष्कळदा मागे पडते ती तिच्या कामामुळे नाही, तर त्या एका परिच्छेदामुळे.

समितीत कोण असतं? एखादी वकील, एखादे निवृत्त मुख्याध्यापक, बँकेतून आलेली कुणी, आणि विषयातली जाणकार असलीच तर एखादी. हे सगळे हुशार लोक असतात, पण त्यांना त्या विषयाची परिभाषा येत नाही. त्यांना तीनच गोष्टी कळायला हव्या असतात. हिला काय जाणून घ्यायचं होतं? त्यासाठी हिनं स्वतः काय केलं? आणि हाती काय आलं?

आता एक नमुना घेऊ. उतारा मी रचलेला आहे आणि त्यातले आकडेही नमुन्याचेच आहेत, पण भाषा मात्र रोज दिसणारी आहे.

‘रक्तक्षय ही विकसनशील देशांतील एक गंभीर सार्वजनिक आरोग्य समस्या आहे. प्रस्तुत प्रबंधात किशोरवयीन मुलींमधील टॅनिनसेवन व हिमोग्लोबिन पातळी यांच्या सहसंबंधाचा छेदात्मक अभ्यास करण्यात आला. सोद्देश नमुना निवड पद्धतीने ६० प्रतिसादक निवडण्यात आले. प्राप्त माहितीचे टी-चाचणीद्वारे विश्लेषण केले असता ०.०५ सार्थकता स्तरावर शून्य परिकल्पना त्याज्य ठरली. या विषयावर अधिक संशोधनाची आवश्यकता आहे.’

यात चूक असं एकही वाक्य नाही. परीक्षकांनी याला चांगले गुणही दिले असते. पण समितीतल्या वकीलबाईंनी हे वाचून कागद खाली ठेवला आणि त्यांना कुणी विचारलं की या मुलीनं काय शोधलं, तर त्या एवढंच सांगू शकतील : ‘रक्तक्षयावर काहीतरी केलंय.’ काय निघालं हे उताऱ्यात लिहिलेलंच नाही. शून्य परिकल्पना त्याज्य ठरली, म्हणजे हिमोग्लोबिन वाढलं की घटलं? कुणाचं? किती? कष्टानं मिळवलेलं उत्तर परिभाषेच्या पदराआड राहून गेलं.

आधी प्रश्नाकडे पाहू. रक्तक्षय हा विषय झाला, प्रश्न नव्हे. पुष्कळ मुली विषयाचं महत्त्व सांगण्यातच अर्धी जागा घालवतात. त्यासाठी एक वाक्य पुरेसं असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला, एवढं म्हटलं की वाचणारी सावरून बसते. त्यानंतर लगेच प्रश्न यावा, आणि तो ज्याचं उत्तर देता येईल असा असावा. आपल्याकडे चहाबरोबर भाकरी किंवा चपाती खायची सवय घरोघरी आहे. चहातली काही द्रव्यं धान्य-भाजीतलं लोह अंगी लागू देत नाहीत, हे आहारशास्त्रात माहीत असलेलं आहे. मग या मुलीचा प्रश्न असा झाला : जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर तासाभरात चहा घेणाऱ्या मुलींचं हिमोग्लोबिन इतर मुलींपेक्षा कमी असतं का? ‘टॅनिनसेवन’ या शब्दाची गरजच उरली नाही. वाक्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देता येत नसेल, तर प्रश्न अजून सापडलेला नाही असं खुशाल समजावं.

पद्धत सांगताना मुली नावांची यादी देतात : सोद्देश नमुना निवड, छेदात्मक आराखडा, टी-चाचणी. बाहेरच्या वाचकाला या नावांतून काहीच दिसत नाही. त्याला प्रत्यक्ष कृती दिसायला हवी. कुणाला विचारलं, कितीजणींना, काय मोजलं, कशानं मोजलं आणि कशाची कशाशी तुलना केली, एवढं सांगितलं की पद्धत सांगून झाली. आपल्या उदाहरणात एका वसतिगृहातल्या १५ ते १७ वयाच्या ६० मुली होत्या. आदल्या दिवशी काय काय आणि कधी खाल्लं-प्यायलं, हे त्यांना तीन वेगवेगळ्या दिवशी विचारलं. आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेनं बोटातून थेंबभर रक्त घेऊन यंत्रावर हिमोग्लोबिन मोजलं. मुली अल्पवयीन, म्हणून त्यांच्याबरोबर पालकांचीही संमती घेतली. आणि सगळ्याजणी एकाच खानावळीत जेवत होत्या. ही शेवटची बाब मूळ उताऱ्यात नव्हतीच, आणि ती तर या अभ्यासाची ताकद आहे. ताटातलं अन्न बरंचसं सारखं असल्यामुळे चहाचा फरक वेगळा काढून पाहणं थोडं सोपं झालं.

इथेच आपल्या जिव्हाळ्याचा एक मुद्दा येतो. ‘अभ्यास करण्यात आला’, ‘माहिती संकलित करण्यात आली’ या वाक्यांत मुलगी कुठे आहे? दुपारच्या उन्हात वसतिगृहात गेली ती, लाजणाऱ्या मुलींना बोलतं केलं तिनं, आणि वाक्यात कर्ताच नाही! हीच शास्त्रीय भाषा, असं मार्गदर्शक सांगतात. प्रबंधात ती चालेल. अर्जात मात्र समितीला नेमकं हेच जाणून घ्यायचं असतं, की यातलं काम हिचं किती आणि मार्गदर्शकांचं किती. म्हणून ‘मी विचारलं’, ‘मी तुलना केली’ असं लिहावं, आणि जे परिचारिकेनं केलं ते परिचारिकेनं केलं असं लिहावं. ही बढाई नाही, हिशेब आहे.

निष्कर्षात सर्वांत जास्त घोटाळा होतो. नमुन्यातले आकडे असे धरू : चहा घेणाऱ्या ३४ मुलींचं सरासरी हिमोग्लोबिन १०.८ आणि न घेणाऱ्या २६ जणींचं ११.५, म्हणजे दर १०० मिलिलिटर रक्तात इतके ग्रॅम. फरक ०.७ चा. हा फरक मोठा की लहान, हे वाचणाऱ्याला कळणार नाही, म्हणून शेजारी माप ठेवायला हवं. या वयाच्या मुलींत १२ च्या खाली आकडा गेला की रक्तक्षय मानतात. हे माप ठेवताच आणखी एक गोष्ट उजेडात येते : चहा न घेणाऱ्यांची सरासरीही १२ च्या खालीच आहे. म्हणजे चहा सोडला की प्रश्न सुटला, असं म्हणायची सोय राहत नाही.

संख्याशास्त्रातलं पी-मूल्य ०.०४ आलं, हे कसं सांगायचं? चहानं काहीच फरक पडत नसता, तरी निव्वळ योगायोगानं एवढा किंवा याहून मोठा फरक अशा शंभर अभ्यासांपैकी सुमारे चारांत दिसला असता. याचा अर्थ ‘निष्कर्ष ९६ टक्के खरा’ असा होत नाही, आणि ‘सिद्ध झालं’ असा तर मुळीच होत नाही. अर्जात एवढं म्हटलं तरी पुरे, की हा फरक निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता कमी वाटते. चहा घेणाऱ्या मुली कदाचित ताटातली भाजीच कमी खात असतील, किंवा काहींना पाळीत जास्त रक्तस्राव होत असेल. एकदाच केलेल्या मोजणीतून कारण कळत नाही, सोबत असणं तेवढं कळतं. ‘अधिक संशोधनाची आवश्यकता आहे’ हे वाक्य कोणत्याही प्रबंधाला चिकटवता येतं, म्हणून ते निरुपयोगी आहे. आपल्या अभ्यासाला नेमकं काय सांगता येत नाही, ते लिहावं.

आणि फरक आढळलाच नसता तर? मुली अशा वेळी निकाल लपवतात, जणू त्या नापास झाल्या. तसं नाही. पण ‘फरक नसतो’ असं न लिहिता ‘६० मुलींमध्ये मला फरक आढळला नाही, लहान फरक एवढ्या संख्येत निसटूही शकतो’ असं लिहावं. जाणकार सदस्याचा विश्वास अशा वाक्यावर बसतो.

आता तोच परिच्छेद पुन्हा लिहू :

‘महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळतो. जेवणाबरोबर किंवा नंतर तासाभरात चहा घेणाऱ्या मुलींचं हिमोग्लोबिन इतर मुलींपेक्षा कमी असतं का, हे मला पाहायचं होतं. एकाच वसतिगृहात जेवणाऱ्या १५ ते १७ वयाच्या ६० मुलींना मी तीन वेगवेगळ्या दिवशी आदल्या दिवसाचं खाणंपिणं विचारलं. परिचारिकेनं त्यांचं हिमोग्लोबिन मोजलं आणि मी दोन्ही गटांच्या सरासरीची तुलना केली. चहा घेणाऱ्या ३४ मुलींची सरासरी १०.८ आली, न घेणाऱ्या २६ जणींची ११.५. हा फरक निव्वळ योगायोगाचा असण्याची शक्यता कमी आहे. मात्र दोन्ही सरासऱ्या १२ या मर्यादेखाली आहेत, म्हणजे चहा हा प्रश्नाचा फार तर एक भाग आहे. चहामुळेच हिमोग्लोबिन कमी झालं, असं या एकवेळच्या मोजणीवरून म्हणता येत नाही. त्यासाठी चहाची वेळ बदलून काही महिन्यांनी पुन्हा मोजावं लागेल.’

वकीलबाई आता सगळं सांगू शकतील. जाणकार सदस्यालाही यात उणं काही सापडणार नाही, कारण सोपं करताना खोटं काही केलेलं नाही.

परिच्छेद जमला की नाही, हे घरबसल्या तपासता येतं. तो विषय न शिकलेल्या एखादीला, आत्याला किंवा शेजारच्या वहिनींना, एकदा वाचून दाखवावा. मग कागद मिटून त्यांनाच विचारावं : मी काय शोधत होते, काय केलं, काय निघालं? त्या जिथे अडखळतील तिथलं वाक्य बदलायचं. त्या म्हणाल्या, ‘चहानं रक्त कमी होतं’, तर आपली मर्यादा त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही, ते वाक्य ठळक करायचं. ‘छान लिहिलंयस गं’ एवढंच म्हणाल्या, तर मात्र पुन्हा पहिल्यापासून लिहायला बसायचं.