एकच भांडं, पण ताट ज्याचं त्याचं

वस्तीत वजन-तपासणीला बसलो की आम्हाला एकाच घरातून दोन उलट्या तक्रारी ऐकू येतात. आईला साखर आणि बीपी, डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलेलं. त्याच घरातल्या मुलाला टीबीचे औषध चालू, आणि त्याला वजन वाढवायला सांगितलेलं. स्वयंपाक करणारी मात्र एकटी आई. मग दोनपैकी एक होतं. आईसाठी म्हणून सगळ्या घराचं तेल तोडलं जातं आणि मुलगा वाळत जातो. नाहीतर मुलासाठी तेल-तूप सढळ होतं आणि आई सकाळचं जेवणच सोडून देते. आमचं म्हणणं असं की दोन्ही चूक आहे. दोन वेगळे स्वयंपाक करणं हाही उपाय नव्हे, कारण गॅस आणि वेळ दोन्ही पुरत नाही आणि आठ दिवसांत ते बंद पडतं.

उपाय साधा आहे: भांड्यात तेल कमी, आणि वाढीव अन्न ज्याला लागतं त्याच्या ताटात वरून. हे उलटं चालत नाही, कारण एकदा आमटीत पडलेलं तेल पुन्हा बाहेर काढता येत नाही. वरून घालणं मात्र कधीही शक्य आहे.

एक घर समजून घेऊ. चार माणसं आहेत. आई ४७ वर्षांची, वजन ७४ किलो. बाप हमाली करतो. मुलगा २२ वर्षांचा, वजन ४४ किलो, टीबीचा उपचार सुरू होऊन महिना झालेला. मुलगी १५ वर्षांची, वाढीच्या वयातली. रात्रीचं जेवण ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी, मेथीची भाजी आणि उकडलेली अंडी. आमटीसाठी २०० ग्रॅम डाळ, म्हणजे माणशी ५० ग्रॅम. आमटी आणि भाजी मिळून चहाचे चार चमचे तेल, पळीने नाही. पळी कलती झाली की तीन-चार चमचे सहज जातात. एका चमच्यात सुमारे ४५ कॅलरी असतात, म्हणून हा हिशेब लहान दिसला तरी लहान नाही.

आता ताटं वाढू. आईला एक भाकरी, तिच्या वाट्याची पूर्ण घट्ट आमटी, भाजी जास्त, काकडी किंवा मुळा आणि एक अंडं. भात नाही. हे सुमारे साडेपाचशे कॅलरींचं जेवण झालं. मुलाला त्याच भांड्यातली तेवढीच आमटी आणि भाजी, पण दोन भाकऱ्या, दोन अंडी, आमटीत दोन मोठे चमचे शेंगदाण्याचा कूट, वरून दोन चमचे कच्चं तेल आणि शेवटी गुळाचा छोटा खडा. हे अकराशेच्या घरात जातं. भांडं एकच, पण मुलाच्या ताटात जवळपास दुप्पट शक्ती गेली. बापाला तिसरी भाकरी आणि थोडा कूट, मुलीला दीड-दोन भाकऱ्या, अंडं आणि कूट. कूट आणि तेलाची वाटी वेगळी ठेवायची, म्हणजे कुणाला काय वाढायचं याचा रोज वाद होत नाही.

यात एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. आईच्या ताटातून भाकरी-भात आणि तेल कमी झालं, डाळ आणि अंडं नाही. वजन उतरवताना माणूस डाळ-अंडंही सोडतो तेव्हा चरबीबरोबर मांसही झडतं, हातपाय गळतात आणि भूक इतकी लागते की चौथ्या दिवशी सगळं सुटतं. आपल्या घरांत आई स्वतःचं अंडं मुलाच्या ताटात सरकवते, हे आम्ही रोज पाहतो. तसं करू नका. त्याचं अंडं त्याला, तिचं अंडं तिला.

दुसरी गोष्ट खाण्याच्या क्रमाची. आईने आधी काकडी आणि भाजी खावी, पोट भरल्यासारखं वाटतं आणि मग एका भाकरीवर भागतं. मुलाने उलटं करावं. टीबीच्या गोळ्यांनी भूक मरते, मळमळतं. अशात त्याच्या पोटातली जागा काकडीने भरली तर कूट घातलेली आमटी तशीच राहते. त्याने घट्ट अन्न आधी खावं आणि मोठ्या दोन जेवणांऐवजी दिवसात पाच-सहा वेळा थोडं थोडं. शेंगदाणे-गूळ खिशात असले तरी चालतं. मात्र मुलालाच साखर असेल तर गूळ नाही.

औषधं घेऊनही टीबीच्या रुग्णाचं वजन वाढलं नाही तर धोका वाढतो. झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना रोजच्या जेवणाशिवाय जादा तांदूळ-डाळ दिली, तेव्हा त्या घरांतल्या नव्या टीबीचं प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झालं. म्हणून निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपये जेव्हा खात्यात येतात, तेव्हा ते किराणा उधारीत विरून जाऊ देऊ नका. अंडी, शेंगदाणे, डाळ यांवर ते वेगळे खर्च करा. पैसे येत नसतील तर आरोग्य केंद्रात बँक खाते जोडले आहे का ते विचारा.

एक सांगणं राहिलं. टीबी खोकल्यातून हवेने पसरतो, ताट-वाटीतून नाही. रुग्णाचं जेवण जादा वाढा, पण ताट-पेला वेगळा काढू नका. वेगळ्या पेल्याचा अर्थ काय असतो, हे आपल्याला दुसऱ्याने शिकवायची गरज नाही. खोली हवेशीर ठेवा, खोकताना तोंडावर रुमाल घ्या, ते खरं काम आहे.

चालतं आहे की नाही, हे वजनाने कळतं. आई दर आठवड्याला एकाच वेळी, उपाशीपोटी वजन करेल. महिन्याला दीड-दोन किलो उतरलं तर बरोबर. आठवड्याला किलोपेक्षा जास्त उतरत असेल, चक्कर येत असेल तर खाणं फार कमी झालं आहे. साखरेसाठी ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर भाकरी कमी करण्याआधी डॉक्टरांना सांगा, नाहीतर साखर खाली घसरते. घाम सुटला, हात थरथरले तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने तर असं कमी खाणं करूच नये.

मुलाचं वजन पंधरा दिवसांनी करा. ४४ किलोच्या मुलाचं दोन महिन्यांत दोन किलो तरी वाढायला हवं. नाही वाढलं, तर आणखी कूट घालत बसू नका. औषध चुकतंय का, उलटी होते का, साखर आहे का, हे तपासायला त्याला केंद्रात घेऊन जा. आणि बीपीसाठी भांड्यात मीठ कमीच ठेवा. ज्याला लागतं तो वरून घेईल.