पावणेआठ हजार कुणी छापले होते?



दिल्लीचा कागद निघतो इंग्रजीत किंवा हिंदीत. गावात येतो तो कुणीतरी मोबाइलवर काढलेला तिरपा फोटो. पारावर त्याचा मराठी सारांश होतो, आणि तिथेच आकड्यांची कत्तल सुरू होते. परका कागद समजून सांगणे हे मोठे काम आहे, ते कार्यकर्त्यांनी करावेच. पण सारांश शब्दांचा करायचा असतो, आकड्यांचा नव्हे.

२८ मे २०२५ ला केंद्राने २०२५-२६ च्या खरीप पणन हंगामाचे हमीभाव जाहीर केले, तोच कागद घ्या. मध्यम धाग्याचा कापूस क्विंटलला ७,७१० रुपये, लांब धाग्याचा ८,११०. संकरित ज्वारी ३,६९९, मालदांडी ३,७४९. याचा सारांश कुणी "कापूस पावणेआठ हजार" असा केला तर तो ७,७५० होतो. हा भाव कागदात कुठेच नाही. कुणी "कापसाला ८,११०" एवढेच लिहिले तर आकडा खरा आणि सारांश खोटा, कारण धाग्याची लांबी गाळली. मध्यम धाग्याचा कापूस घेऊन केंद्रावर गेलेला माणूस क्विंटलमागे ४०० रुपयांवरून भांडेल, आणि कागद त्याच्या बाजूने नसेल. म्हणून पिकाचे नाव, प्रकार, आकडा आणि एकक ही चारही एकाच ओळीत यावीत. इंग्रजी अंक मराठीत लिहा, हरकत नाही. पण किंमत जशीच्या तशी. हंगाम "२०२५-२६" छापला असेल तर तोच लिहावा. त्याचे "२०२६ चा भाव" करू नये.

फोटोत १ आणि ७ ची, ३ आणि ८ ची गल्लत होते. डोळे बारीक करून अंदाज मारण्यापेक्षा कागदालाच विचारावे. या तक्त्यात मागच्या वर्षीचा भाव आणि वाढ यांचे वेगळे रकाने आहेत. मध्यम धाग्याचा मागचा भाव ७,१२१ आणि वाढ ५८९, बेरीज ७,७१०. ज्वारीचे ३,३७१ आणि ३२८, बेरीज ३,६९९. बेरीज जुळली तर वाचन बरोबर. जुळली नाही तर दुसरा फोटो मागवावा, आणि तो येईपर्यंत "हा आकडा वाचता येत नाही" असे सरळ लिहावे. त्यात कमीपणा कसला?

आता खरी मेख. याच तक्त्यात "खर्च" नावाचा रकाना आहे. मध्यम धाग्याच्या कापसापुढे ५,१४० आणि नफा ५० टक्के. लांब धाग्यापुढे आणि मालदांडीपुढे मात्र ही घरे रिकामी आहेत. या प्रकारांच्या खर्चाची आकडेवारी वेगळी काढलेली नाही, असे तळटीप सांगते. सारांश लिहिणाऱ्याला रिकामे घर बघवत नाही. तो वरचा ५,१४० खाली ओढतो आणि लांब धाग्याला मोठा नफा दाखवून मोकळा होतो. रिकामे घर रिकामेच लिहावे.

दुसरी तळटीप तर फोटोत बहुधा कापलीच जाते, कारण ती पानाच्या तळाला असते. खर्चात काय धरले ते तिथे आहे : मजुरी, बैल आणि यंत्र, बियाणे, खते, खंडाने घेतलेल्या जमिनीचा दिलेला खंड, खेळत्या भांडवलाचे व्याज, घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत वगैरे. स्वतःच्या जमिनीचा खंड त्यात नाही. तळटीप गाळून "खर्चाच्या दीडपट भाव मिळाला" असा सारांश गावात वाटला, तर सरकारची जाहिरात आपणच फुकटात केली असे होते. "या कागदाने धरलेल्या खर्चावर ५० टक्के" असे लिहिले की मग स्वतःच्या जमिनीचे काय, हा प्रश्न ऐकणारा आपणहून विचारतो.

हिंदी कागदात "से" हा शब्द दगा देतो. "८ से १२ प्रतिशत" म्हणजे ८ ते १२. "१२ प्रतिशत से अधिक" म्हणजे १२ पेक्षा जास्त. "१ तारीख से" म्हणजे १ तारखेपासून. कापूस महामंडळाच्या खरेदीत ओलावा १२ टक्क्यांच्या वर गेला की कापूस घेत नाहीत. तिथे "पर्यंत" आणि "पेक्षा जास्त" यांची अदलाबदल झाली तर भरलेला ट्रॅक्टर परत येतो, आणि भाडे शेतकऱ्याच्या बोकांडी बसते.

काही जण म्हणतात, सभेत एवढे आकडे कोण ऐकतो, मोघम सांगा. व्यापाऱ्याच्या काट्यासमोर उभा राहणारा शेतकरी एकेक किलो मोजतो, आणि आपण त्याला मोघम का सांगायचे? आकडे जास्त वाटत असतील तर पिके कमी करा. आपल्या भागात कापूस आणि ज्वारी असेल तर त्या चार ओळी लिहा, बाकीचा तक्ता सोडा, आणि सोडला असे नमूद करा. सारांशाखाली कागदाची तारीख आणि किती पानांपैकी किती पानांचे फोटो मिळाले ते लिहावे. जिल्हा बैठकीला येताना सारांशाबरोबर मूळ फोटोही आणावा. वाचून झाल्यावर दुसऱ्या कुणीतरी आकडे त्यावरून पडताळून घ्यावेत.