'शंभर टक्के निकाल' लिहून कंपनीत नोकरी मिळत नाही

आमच्या जळगाव-धुळ्याकडे पत्रकार म्हटला की लोक अर्ज, निवेदन, बायोडेटा सगळं त्याच्याकडे घेऊन येतात. गेल्या काही वर्षांत यात एक नवीन प्रकार वाढलाय. शाळा सोडून कंपनीत ट्रेनर व्हायचंय म्हणणारे शिक्षक. बहुतेक विनाअनुदानित शाळांमधले. वय पस्तिशी-चाळिशीचं, बी.एड. झालेलं, दहा-बारा वर्षं शिकवलेलं, आणि 'अनुदान येईल' या आशेवर घर चालत नाही हे कळून चुकलेलं. माणसं हुशार असतात, पण त्यांचे सीव्ही वाचून कोणीही बोलावणार नाही. दोष त्यांच्या कामात नाही, ते काम कागदावर मांडण्यात आहे. म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सीव्हीची पहिलीच ओळ: "गेली सात वर्षे दहावीचा निकाल १०० टक्के." शाळेच्या फलकावर हे वाक्य शोभून दिसतं. पण २०२५ साली अख्ख्या राज्याचा दहावीचा निकालच ९४.१० टक्के होता. कंपनीतला माणूस मनात म्हणतो, मग सगळेच पास होतात की! त्यात तुम्ही काय केलं, ते या आकड्यातून दिसत नाही. मुलं आधीपासूनच हुशार असतील, क्लासला जात असतील. कंपनीला निकालापेक्षा फरक बघायचा असतो: तुम्ही येण्याआधी काय होतं, तुम्ही काय केलं आणि नंतर काय झालं.

एक उदाहरण सांगतो. धुळ्याकडच्या एक शिक्षिका, गणित-विज्ञानाच्या. आपण नुसतं ताई म्हणू. सीव्हीत लिहिलं होतं, "कच्च्या विद्यार्थ्यांसाठी जादा तास घेतले." मी विचारलं, ताई, कच्चे म्हणजे किती? कशावरून कच्चे? त्यांनी पिशवीतून वही काढली, आणि त्या वहीत सगळं होतं. नववीच्या दोन तुकड्या, पटावर १०४ मुलं. जूनमध्ये चाचणी घेतली तेव्हा बऱ्याच जणांना साधा भागाकार येत नव्हता. मग क्षमतेनुसार गट पाडले, रोज परिपाठानंतर २० मिनिटं, १२ आठवडे. शेवटी तेवढ्याच अवघड अशी दुसरी चाचणी.

आता आकडा कसा काढायचा, इथे बरेच जण घसरतात. दुसऱ्या चाचणीच्या दिवशी जी मुलं आलीच नाहीत, ती बहुतेक कच्चीच असतात. त्यांना पहिल्या आकड्यात धरलं आणि दुसऱ्यात सोडलं, तर सुधारणा उगाच जास्त दिसते. म्हणून दोन्ही चाचण्या दिलेली मुलंच मोजायची. ती निघाली ९८. त्यांपैकी आधी ४२ अडखळत होते, नंतर १४ राहिले.

मग ओळ अशी झाली: "९८ विद्यार्थ्यांची पूर्वचाचणी घेऊन नेमकी उणीव शोधली, क्षमतेनुसार गट करून १२ आठवड्यांचा रोज २० मिनिटांचा कार्यक्रम आखला व राबवला, मूलभूत क्रिया न येणाऱ्यांची संख्या ४२ वरून १४ वर आली." यात एकही शब्द खोटा नाही. आणि कंपनीचा एचआर ज्याला ट्रेनिंग नीड अ‍ॅनालिसिस, डिझाइन, डिलिव्हरी, इव्हॅल्युएशन म्हणतो, ते चारही यात आलं. इंग्रजी सीव्हीत हे चार शब्द जरूर वापरा, पण प्रत्येकाच्या मागे आपलं काम ठेवा. नुसते शब्द ठेवले तर मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला उघडे पडाल.

दुसरा मुद्दा. कंपनीची शंका एकच असते: "मुलांना शिकवलंय, पण मोठ्या माणसांना शिकवता येईल का?" याचं उत्तर बहुतेक शिक्षकांकडे असतं आणि ते नेमकं तेच लिहीत नाहीत. केंद्राच्या शिक्षण परिषदेत घेतलेलं सत्र, तालुका प्रशिक्षणात सुलभक म्हणून केलेलं काम, निवडणुकीत मतदान कर्मचाऱ्यांना दिलेलं प्रशिक्षण. हे सगळं मोठ्यांचंच ट्रेनिंग आहे. सीव्हीत ते वर पाहिजे, 'इतर उपक्रम' म्हणून तळाला नको.

पण इथेही हात राखून लिहा. प्रशिक्षणाचं मोजमाप चार पायऱ्यांनी करण्याची रीत डोनाल्ड कर्कपॅट्रिक या अमेरिकन प्राध्यापकाने १९५९ मध्ये मांडली आणि कंपन्या आजही ती वापरतात. लोकांना आवडलं का, ते शिकले का, कामावर जाऊन वापरलं का, आणि त्याने संस्थेचा फायदा झाला का. शिक्षकाचा पुरावा बहुधा दुसऱ्या पायरीपर्यंत असतो. तेवढाच सांगावा. ताईंनी ३० शिक्षकांना गट पद्धत शिकवली होती. मी म्हटलं, फोन करून विचारा, अजून कोण वापरतंय? ११ जण निघाले. त्यांना आकडा लहान वाटला, लिहू की नको असं झालं. मी म्हटलं लिहा. "दोन महिन्यांनंतर ३० पैकी ११ जण पद्धत वापरत होते" ही तिसऱ्या पायरीची ओळ आहे. मोजायचं सुचलेला माणूस कंपनीला पाहिजे असतो. "शाळेची गुणवत्ता ४० टक्के वाढवली" असलं चौथ्या पायरीचं काही मात्र ठोकून देऊ नका.

पदाचं नावही बदलू नका. 'सहशिक्षिका' आहात तर तेच लिहा. 'लर्निंग मॅनेजर' लिहिलं आणि पडताळणीत अनुभव दाखल्यावर 'सहशिक्षिका' निघालं, की संपलं. रोख पगार घेणाऱ्यांकडे पगाराची स्लिप नसते. त्यांनी नियुक्ती आदेश जपावा आणि अनुभव दाखला राजीनाम्याआधीच मागून ठेवावा.

जन्मतारीख, जात, वडिलांचं नाव, 'वरील माहिती सत्य आहे' हा मजकूर सरकारी अर्जाचा. तो काढा, दोन पानं पुरतात. त्याऐवजी भाषा लिहा. आपल्या एमआयडीसीत पाईप, चटई, डाळ मिलवर काम करणाऱ्यांत कोणी अहिराणी बोलतं, कोणी हिंदी. तिन्ही भाषांत यंत्राची सुरक्षा समजावून सांगणारा माणूस पुण्याहून आणावा लागत नाही, हे कंपनीला कळू द्या. आणि 'कधी रुजू होणार' हेही खरं लिहा. खासगी शाळांच्या १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीत कायम शिक्षकाला राजीनाम्यासाठी तीन महिन्यांची नोटीस आहे, कायम नसलेल्याला एक महिन्याची. 'लगेच' लिहून नंतर अडकू नका.

कोणी म्हणेल, भाऊ, तुम्ही शिक्षकांना शाळा सोडायला शिकवताय. नाही. जे जातायत ते पगारामुळे जातायत, सीव्हीमुळे नाही. मला खुपतं ते वेगळंच. ४२ ची १४ करणारी ती वही अकरा वर्षांत शाळेत कोणी मागितली नाही, निकालाची टक्केवारी मात्र दरवर्षी मागितली. तिची किंमत कळायला कंपनीचा अर्ज भरायची वेळ यावी, हे आपल्या शाळांबद्दल बरंच काही सांगून जातं.

तोवर एवढं करा. एप्रिल-मेमध्ये जुन्या चाचण्यांचे गठ्ठे आणि वह्या रद्दीत जातात. या वर्षी मुलांची नावं झाकून आकडे तेवढे उतरवून ठेवा. शाळेत राहिलात तरी ते कामाला येतील.