उमेदवाराच्या कागदावरील लाल शाई

वृत्तपत्राच्या कचेरीत उपसंपादक अथवा बातमीदार म्हणून रुजू होऊ इच्छिणाऱ्या तरुणांच्या मुलाखतींना परीक्षक या नात्याने बसण्याचा योग मला वारंवार येतो. आणि ज्यांना असे बोलावणे आले आहे, त्यांपैकी बहुतेकांची तयारी भाषेच्या सौंदर्यावर खर्ची पडते, ही गोष्ट मला मनापासून खटकते, कारण त्या दिवशी त्यांच्यापुढे ठेवले जाणारे कागद भाषेहून निराळ्याच गुणाची अपेक्षा करीत असतात.

लेखी परीक्षा साधारणपणे दीड तासाची असते. इंग्रजी वृत्तसंस्थेच्या मजकुराचे मराठीकरण आणि त्यास योग्य मथळा, एवढा भाग सराव असलेल्यास अवघड जात नाही. खरा कस लागतो तो पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकावरून बातमी करताना. आमच्या येथे देण्यात येणाऱ्या एका पत्रकात मोबाइलचोरीची हकीकत आहे: फिर्यादीचे नाव, हस्तगत मुद्देमालाचा तपशील, कामगिरी बजावणाऱ्या अंमलदारांची लांबलचक यादी, आणि या सर्वांच्या मध्ये, सहज नजरेतून निसटावे अशा जागी, ताब्यात घेतलेल्या सोळा वर्षांच्या ‘विधिसंघर्षग्रस्त बालका’च्या वडिलांचे नाव व राहण्याची गल्ली. 2015 च्या बालन्याय अधिनियमाच्या 74 व्या कलमान्वये अशा बालकाचे नाव, पत्ता, शाळा किंवा ज्यायोगे त्याची ओळख पटेल असा कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. पुष्कळ उमेदवार मुलाचे नाव आपण दिले नाही म्हणून निश्चिंत राहतात आणि वडिलांचे नाव व गल्ली मात्र जशीच्या तशी उतरवून काढतात. वस्तुतः त्या गल्लीतील प्रत्येक घराला एवढ्यावरून मुलगा कळतो. ‘चोरास अटक’ हा मथळाही तितकाच सदोष, कारण गुन्हा अद्याप शाबीत व्हावयाचा असतो आणि बालकाला अटक होत नसून ताब्यात घेतले जाते. पत्रक सरकारी दफ्तरातून आले, म्हणून छापण्याची जबाबदारी सरकारवर जात नाही, ही जाणीव ज्याच्या कागदावर दिसते, त्याच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मी सहज पोटात घालतो.

यानंतर उमेदवाराने आपणहून तीन विषय सुचवावेत अशी अपेक्षा असते, आणि येथे ‘पाणीटंचाई’, ‘शेतकऱ्यांचे प्रश्न’, ‘तरुणांमधील व्यसनाधीनता’ अशी शीर्षके आमच्यासमोर रांगेने येऊन उभी राहतात. हे प्रश्न खोटे नाहीत. परंतु उद्या सकाळी कोणास भेटावयाचे, कोणता कागद मागावयाचा आणि त्या कागदाने काय सिद्ध अथवा असिद्ध होईल, हे त्यांतून समजत नाही.

मराठवाड्यातून आलेल्या एका मुलीने पाणीटंचाईचाच विषय मांडला, तो असा. टंचाईकाळात दरडोई वीस लिटर पाणी टँकरने पुरवावे, असा निकष आहे. तिच्या परिचयातील गावाची वस्ती सुमारे 1,800. म्हणजे रोज 36,000 लिटर, आणि टँकर 12,000 लिटरचा असल्याने तीन फेऱ्या. गावकऱ्यांच्या म्हणण्याप्रमाणे टँकर दिवसातून एकदा, क्वचित दोनदा येतो. भरण्याची विहीर 22 किलोमीटरवर, रस्ता खराब. जाणे, येणे, भरणे व रिकामे करणे धरून एका फेरीस तीन तास लागतात, म्हणून तीन फेऱ्या अशक्य नव्हेत, हे तिने स्वतःच मान्य केले. ‘‘पण सर, विहिरीवरचा पंप शेतीच्या वीजवाहिनीवर आहे,’’ ती म्हणाली, ‘‘आणि त्या वाहिनीला काही दिवस दिवसा वीज असते, काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीच्या दिवसांतही लॉगबुकात दुपारी टँकर भरल्याची वेळ असेल, तर विचारायला जागा आहे.’’

‘‘आणि पंप डिझेलचा असेल तर?’’ वृत्तसंपादकांनी विचारले.

‘‘तर डिझेलचा खर्च कुठल्या तरी देयकात दिसेल. तोही नसला, तर माझी बातमी उरत नाही. गावात पाणी साठवायची टाकी केवढी आहे, हा वेगळा विषय मी बघेन.’’

आपली कल्पना कोठे कोसळू शकते हे उमेदवाराने आधीच हेरून ठेवलेले असावे, याहून अधिक मला त्याच्याकडून काही नको असते. माहितीच्या अधिकाराखालील अर्जास उत्तर देण्याची मुदत तीस दिवसांची, आणि पाऊस वेळेवर आला तर तेवढ्यात टँकर बंदही व्हावयाचे, ही अडचण आम्ही पुढे केली, तेव्हा लॉगबुकाच्या प्रतींसाठी अर्ज आजच करून दरम्यान एक आठवडा स्वतः विहिरीवर उभे राहून वेळा टिपून ठेवण्याची तजवीज तिने सांगितली.

मग त्याच विषयावर तिने तीनशे शब्द लिहिले, ते वृत्तसंपादकांनी लाल शाईने तपासले आणि तो कागद तिच्या हाती परत दिला. मजकुराचा आरंभ ‘सध्या उन्हाची दाहकता वाढत असून ग्रामीण भागात पाण्यासाठी वणवण सुरू आहे’ असा होता. विजेच्या पाळीची गोष्ट सहाव्या वाक्यात दडली होती. पहिली पाच वाक्ये छाटलेली होती. ‘प्रशासनाच्या दुर्लक्षामुळे’ या शब्दांच्या समासात ‘कोणी सांगितले?’ असे लिहिलेले होते. आणि ‘तीन फेऱ्या झाल्याची नोंद आहे’ या वाक्याचे आटोपशीरपणासाठी ‘तीन फेऱ्या झाल्या’ असे करण्यात आले होते.

ही शेवटची दुरुस्ती हेतुपुरस्सर चुकीची केलेली असते. या ठिकाणी उमेदवारांचे दोन वर्ग पडलेले मी पाहिले आहेत: एक, प्रत्येक दुरुस्तीस ‘होय सर’ म्हणून मान तुकवणारा, दुसरा, पहिल्या छाटलेल्या वाक्यापासूनच आपल्या शैलीची कैफियत मांडू लागणारा. दोघांचाही संपादनाच्या टेबलास उपयोग नाही, कारण पहिल्याच्या हातून चुकीचे वाक्य निमूटपणे छापखान्यात जाईल आणि दुसऱ्याच्या मजकुराला हात लावण्यातच रात्रीची मुदत टळून जाईल. त्या मुलीने पाचही वाक्यांवर विनातक्रार पाणी सोडले. ‘दुर्लक्ष’ हा शब्द स्वतःच खोडला आणि त्या जागी सरपंचाने तक्रार अर्ज दिल्याची तारीख घातली. मात्र तिसऱ्या दुरुस्तीवर बोट ठेवून ती शांतपणे म्हणाली, ‘‘हे बदलू नका सर. फेऱ्या झाल्या की नाहीत, हाच तर प्रश्न आहे. आपणच ‘झाल्या’ म्हटलं तर बातमीच खोटी ठरते.’’

वृत्तसंपादकांनी ती दुरुस्ती मागे घेतली आणि एकच प्रश्न विचारावयाचा ठेवला: टँकर पुरवणाऱ्या ठेकेदाराचा व तहसीलदारांचा खुलासा केव्हा घ्याल? लॉगबुकाच्या साक्षांकित प्रती हाती येण्यापूर्वी नाही, असे तिने सांगितले, कारण आधी विचारले तर नोंदी मागाहून नीटनेटक्या होण्याचा संभव असतो. परंतु छापण्यापूर्वी पुरते दोन दिवस हातात ठेवून, प्रश्न लेखी देऊन, आणि उत्तर आले तर ते बातमीच्या शेवटी न ढकलता वरच्या परिच्छेदात घेऊन. मी तिच्या नावापुढे शेरा लिहिला आणि पुढच्या उमेदवारास आत बोलावण्यास सांगितले.