चौथ्या वक्त्याची आठ मिनिटं

परिसंवादात शेवटच्या वक्त्याला "वेळेअभावी थोडक्यात" म्हटलं जातं आणि दोष जातो आधी लांबण लावणाऱ्यांकडे. मला हे पटत नाही. चौथ्याची वेळ बहुतेकदा तयारीतच जाते.

आमच्याच मंडळाचा पैनगंगाकाठच्या भाषांवरचा ऑनलाइन परिसंवाद घ्या. वक्ते चार: मराठी शाळेतले एक सर, एक तेलुगू अनुवादक, पुण्याच्या प्राध्यापिका आणि गोंडी गाणी सांगणारे मेस्राम कुळातले एक काका. तारीख आम्ही प्राध्यापिकांना विचारून ठरवली, कारण त्या 'मोठ्या'. ती आली पौष अमावास्येच्या आदल्या आठवड्यात. काका हसले, "पोरी, आम्ही तेव्हा पायी असतो." केस्लापूरची नागोबा जत्रा अमावास्येला भरते हे आम्हाला ठाऊक होतं. पण पूजेसाठी गोदावरीचं पाणी आणायला मेस्राम मंडळी कितीतरी दिवस आधी पायी निघतात, हे आदिलाबादेत राहून सुचलं नाही! तेव्हापासून माझं म्हणणं असं, की ज्याला आपला दिवस हलवता येत नाही त्याला पहिलं विचारावं. तेही "कधी जमेल?" असं मोघम नको. तीन तारखा द्याव्यात आणि उत्तर कधीपर्यंत हवं तेही सांगावं.

सराव कॉल आम्ही सकाळी अकराला घेतला. सगळ्यांचे आवाज स्वच्छ. कार्यक्रम संध्याकाळी सातला, तेव्हा काकांच्या गावात सगळेच फोनवर, आणि त्यांचा आवाज तुटू लागला. म्हणून सराव त्याच वेळेला, त्याच जागेवरून, त्याच फोनवर हवा. वीस मिनिटं पुरतात. पूर्ण भाषण कुणी करू नये, नाहीतर त्या दिवशी ते शिळं वाटतं. प्रत्येकानं पहिली दोन वाक्यं बोलायची आणि पुढच्याकडे सूत्रं द्यायची, बस.

खरी चूक मात्र सूत्रसंचालकाशी न बोलण्याची होती, आणि ती माझी. साठ मिनिटांचा हिशोब मी कागदावर मांडला होता: प्रास्ताविक चार, परिचय एकेक मिनिट म्हणजे चार, भाषणं आठ-आठ म्हणजे बत्तीस, प्रश्नांना वीस. आमच्या मित्राला मी फक्त वक्त्यांची माहिती पाठवली, हा कागद नाही. त्यानं बिचाऱ्यानं मनापासून तीन-तीन मिनिटांचे परिचय लिहिले. चारऐवजी बारा झाले. वरची आठ मिनिटं म्हणजे बरोब्बर एका वक्त्याचा वाटा, आणि शेवटी होते काका.

वक्ते नसताना सूत्रसंचालकाशी अर्धा तास बोललो असतो, तर हे टळलं असतं. परिचय दोन ओळींचा, सातव्या मिनिटाला "एक मिनिट" असा मेसेज, आणि नंतर मधेच थांबवायची मुभा, एवढंच ठरवायचं होतं. ही मुभा वक्त्यांसमोर सराव कॉलमध्येच जाहीर करावी लागते. नाहीतर एकविसाव्या वर्षी प्राध्यापकांना थांबवणार कोण?

पुढच्या वेळी काका पहिले बोलतील. तारीख त्यांनीच दिलीय, कापूस वेचून झाल्यावरची.