फक्त बघा, हात लावू नका

तारापूर एमआयडीसीत सांडपाण्याची कामं घेणाऱ्या आमच्यासारख्या छोट्या सल्लागारांमध्ये सध्या दोन पंथ आहेत. पहिला म्हणतो: क्लायंटला पीपीटी कधी पाठवायचीच नाही, क्लाउडवर ठेवून फक्त बघण्यापुरती लिंक द्यायची, मग आपली डोकेफोड सुरक्षित. दुसरा म्हणतो: कसली लिंक आणि कसली सुरक्षा, फोनने फोटो काढायला दोन सेकंद लागतात, त्यापेक्षा सरळ व्हॉट्सअॅपवर फाइल टाका आणि मोकळे व्हा. मी पालघरहून रोज बोईसरला जाणारा माणूस. दोन्ही पंथांचं तत्त्वज्ञान लोकलमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की आता दोघांनाही उत्तर द्यावंसं वाटतं. आधी पहिल्या पंथाचा समाचार घेतो, कारण त्याचा मी स्वतः चांगली दोन वर्षं सदस्य होतो.

डाय इंटरमीडिएट्स बनवणाऱ्या एका कारखान्याचं काम होतं. रोजचं सांडपाणी दीडशे केएलडी, म्हणजे दीड लाख लिटर. त्यातलं खारट पाणी बाजूला काढून बाष्पीभवनाला, म्हणजे एमईईला पाठवायचं आणि उरलेलं जैविक प्रक्रियेला. कारखान्याच्या मनात साठ केएलडीची एमईई होती. आम्ही दोन आठवडे नळीनळीतून नमुने घेतले, क्षार मोजले, आणि लक्षात आलं की खरं खारट पाणी फक्त दोन धुण्यांमधून येतंय, तेही सरासरी २८.४ केएलडी. बाकी सगळं वर्षानुवर्षं एकाच गटारात मिसळत आल्यामुळे खारट दिसत होतं. तीन इफेक्टच्या एमईईला एक टन पाणी उडवायला साधारण चारशे किलो वाफ लागते. साठचे २८ झाले की यंत्र अर्ध्यावर येतं आणि रोजची बारा टनांच्या आसपास वाफ वाचते. हे सगळं बावीस स्लाइडांत मांडलं, सातव्या स्लाइडवर पाण्याचा हिशेब टाकला आणि लिंक पाठवली.

लिंक पाठवताना मी काय केलं, ते सांगतो, कारण नव्वद टक्के मंडळी तेच करतात. Share वर गेलो. आधी Restricted ठेवून मॅनेजरसाहेबांचा मेल आयडी टाकला होता, पण त्यांचा कंपनी मेल गूगलवर नव्हता, ते काही उघडेना, दुपारी फोन आला, "अहो, दिसत नाही." मी वैतागून Anyone with the link केलं, भूमिका Viewer ठेवली, आणि डाउनलोड, प्रिंट, कॉपीची परवानगी देणारी टिकमार्क काढून टाकली. झालं, असं मला वाटलं. बदल करता येणार नाही, कॉपी करता येणार नाही, आणखी काय पाहिजे?

इथंच पहिल्या पंथाची मुळातली चूक आहे. "काय करता येईल" आणि "कुणाला बघता येईल" ही दोन वेगळी कुलपं आहेत. मी पहिलं लावलं आणि दुसरं उघडं ठेवलं. Viewer ही भूमिका आहे, पाहुण्यांची यादी नाही. ती लिंक ज्याच्या हातात पडेल तो Viewer, मग तो मॅनेजर असो, त्याचा भाचा असो किंवा समोरच्या प्लॉटवरचा ठेकेदार. रात्री पावणेबाराला मी काही दुरुस्तीसाठी डेक उघडला तेव्हा वर उजव्या कोपऱ्यात एकाच वेळी तीन निनावी प्राणी बसले होते. उघड्या लिंकवरून येणाऱ्याला गूगल नाव न देता प्राण्याचं नाव देतं. त्यातला एक Anonymous Capybara होता, एवढं आठवतंय. मॅनेजरसाहेब म्हणाले होते, मी एकटाच बघणार. एक माणूस पावणेबाराला तीन प्राण्यांचा अवतार घेत असेल, तर त्याला माझा नमस्कार.

महिन्याने काम दुसऱ्याला गेलं. त्याच कारखान्यातल्या एका तांत्रिक माणसाने चहाच्या टपरीवर सहज सांगितलं की दुसऱ्या पार्टीच्या कोटेशनमध्ये एमईईचा फीड २८.४ लिहिलाय आणि टाकीला टी-१०७ नाव दिलंय. त्या कारखान्यात टाक्यांना असले नंबरच नाहीत. टी-१०७ हे आमच्या चित्रातलं, आम्ही आमच्या सोयीने दिलेलं नाव. फाइल कॉपी झाली नव्हती. एकही स्लाइड बदलली नव्हती. कुलूप शाबूत होतं, फक्त कपाटातली वस्तू गेली होती.

पहिल्या पंथाने हे नीट समजून घ्यावं. या डेकची किंमत बावीस स्लाइडांत नव्हती, एका आकड्यात होती, आणि आकडा डोळ्याने वाचला की माणूस तो खिशात न घालताही घरी नेतो. त्याला कॉपीचं बटण लागत नाही. गूगलसुद्धा आपल्या मदतपानावर हे लपवत नाही: ड्राइव्हच्या आत डाउनलोड-कॉपी रोखता येते, पण माणूस मजकूर दुसऱ्या मार्गाने पुढे पाठवेल तर ते त्यांच्या हातात नाही. कायद्याकडे बोट दाखवणारे भेटतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने आमचं चित्र, आमची मांडणी आमची राहते. पण कल्पनेवर मालकी नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात स्पष्ट केलंय. गोपनीयतेचा करार सही करून घेता येतो, पण छोट्या सल्लागाराने तो पहिल्या भेटीत पुढे केला की समोरचा माणूस चहासुद्धा मागवत नाही, हा अनुभव.

मग दुसरा पंथ बरोबर? फाइल सरळ पाठवावी? अजिबात नाही. हे लोक "पूर्ण सुरक्षित नाही" यावरून एकदम "काहीच उपयोग नाही" इथं उडी मारतात, आणि पाठवलेल्या फाइलीचे प्रताप विसरतात. व्हॉट्सअॅपवर गेलेल्या पीपीटीत कुणीही आमचा लोगो काढून दुसरा चिकटवू शकतो, दोन ओळी बदलून "तुम्हीच असं लिहिलं होतं" म्हणू शकतो. त्याहून रोजचा त्रास म्हणजे आवृत्त्यांचा. आम्ही सोमवारी पंपाचा हेड सुधारतो आणि गुरुवारच्या मीटिंगमध्ये समोरचे लोक मागच्या आठवड्यातली पीपीटी उघडून बसलेले असतात. लिंकवर एकच डेक असतो, सुधारला की सगळ्यांना सुधारलेला दिसतो. आणि तो परत घेता येतो. व्हॉट्सअॅपवर गेलेली फाइल परत येत नाही. फोटो काढणाऱ्याला सातव्या स्लाइडचा फोटो मिळेल, पण संपादन करण्याजोगा बावीस स्लाइडांचा तयार डेक मिळणार नाही. त्याला सगळं नव्याने उभं करावं लागेल. चोराला दोन तास लागणं आणि दोन मिनिटं लागणं यात फरक आहेच.

लिंकची म्हणून एक उलटी बाजूही आहे, आणि ती पहिला पंथ कधी बोलत नाही. डेक आमच्या हातात जिवंत असतो, म्हणजे क्लायंटच्या दृष्टीने आम्ही रात्री दर बदलून सकाळी साळसूद चेहऱ्याने बसू शकतो. त्याला बदलांचा इतिहास दिसत नाही, तो फक्त मालकाला आणि Editor ला दिसतो. म्हणून दर आणि अटी लिंकवर ठेवणं मला आता असभ्यपणा वाटतो. त्या तारीख, सही, शिक्का असलेल्या पीडीएफमध्येच जातात.

क्लायंट कॉपी का करतो, हेही कुणी विचारत नाही. दरवेळी चोरीच असते असं नाही. परचेसचा माणूस तीन पार्ट्यांचे दर तुलनापत्रकात लावतो. त्याला तिघांचा स्कोप सारखा लागतो, नाहीतर एकाने सिव्हिल धरलंय आणि दुसऱ्याने नाही, असा घोळ होतो. आमच्या डेकमध्ये स्कोपचा तक्ता होता आणि कॉपी बंद. म्हणजे त्या बिचाऱ्याने चाळीस ओळी बघून बघून एक्सेलमध्ये टाइप करायच्या किंवा फोटो काढून कुणाला तरी टाइप करायला पाठवायचे. माझा अंदाज असा की ती लिंक पहिल्यांदा बाहेर गेली ती याच कारणाने. कॉपी करायलाच हवी अशी गोष्ट कुलपात ठेवली की माणूस कुलूप नाही, पूर्ण दरवाजाच उचलून नेतो.

आता माझी पद्धत काहीशी अशी आहे. मूळ डेक आमचा, तो बाहेर जात नाही. क्लायंटसाठी वेगळी प्रत करतो, तीत वक्त्याच्या नोट्स पुसतो. नुसत्या Viewer ला त्या दिसू शकतात, आणि आमच्या नोट्समध्ये एकदा "बारा टक्क्यांपर्यंत खाली यायला हरकत नाही" असं लिहिलेलं होतं, ते कुणी वाचलं का हे मी आजवर विचारलेलं नाही. पाण्याच्या हिशेबाची स्लाइड ऑर्डरआधी जातच नाही. तिच्या जागी एवढंच लिहितो की एमईईचा भार तीस केएलडीच्या आत येईल. कोणत्या धुण्याचं पाणी बाजूला काढायचं, ते पी.ओ. हातात आल्यावर, समोरासमोर, प्लांटमध्ये उभं राहून सांगतो. स्कोपचा तक्ता एक्सेलमध्ये, मोकळा, सगळ्यांना. लिंक Restricted आणि नावं टाकून. गूगल खातं नसेल तर कुणाच्या जीमेलवर पाठवू हे आधी फोन करून विचारतो, म्हणजे दुपारी "दिसत नाही" म्हणून Anyone with the link करण्याची वेळ येत नाही. डाउनलोड बंद असल्यामुळे नेट गेलं की डेक उघडत नाही, म्हणून मीटिंगसाठी लॅपटॉपवर स्वतःची प्रत घेऊनच जातो. पंधरा दिवस झाले की नावं काढून टाकतो.

मागच्या पावसाळ्यात अशाच एका डेकवरची नावं मी काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी, लोकल पालघर सोडत असताना, Request access चा मेल आला. ज्यांना लिंक दिली होती त्या दोघांपैकी कुणाचाच आयडी नव्हता. नाव ओळखीचं वाटलं म्हणून बोईसरला उतरल्यावर खिशातली व्हिजिटिंग कार्डं चाळली. त्याच पत्त्याचं एक कार्ड सापडलं, आमच्याच धंद्यातलं.