चहा आणि सूप ६० अंशांखाली आल्यावरच प्यावे : नागरिकांना जाहीर आवाहन

गॅसवरून उतरवलेला उकळता चहा मुंबईत साधारण १०० अंश सेल्सिअस असतो, पुण्यात उंचीमुळे दोनएक अंश कमी. गाळणीतून कपात पडेपर्यंत तो ८० ते ९० अंशांवर येतो. तोंडाला आणि अन्ननलिकेला इजा न होता घोट घेता येईल असे तापमान ५५ ते ६० अंश आहे. या दोन आकड्यांमधले वीस-तीस अंश उतरू देणे, एवढीच या आवाहनातली मागणी आहे. चहा सोडा, दूध बदला किंवा साखर कमी करा असे येथे काहीही सांगायचे नाही.

६० ही रेषा कोठून आली, हे आधी पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली ६५ अंशांहून अधिक गरम पेयांचा समावेश ‘माणसात कर्करोगास बहुधा कारण ठरणाऱ्या’ गोष्टींत केला. त्यात दोष पेयाचा नसून तापमानाचा धरला होता. त्याच वेळी कॉफीविरुद्ध पुरेसा पुरावा नसल्याचेही संस्थेने नोंदवले. संबंध आढळला तो अन्ननलिकेच्या आतल्या अस्तराच्या कर्करोगाशी. या यादीतले स्थान पुरावा किती पक्का आहे ते सांगते, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. तंबाखू आणि दारू यांचा वाटा याहून कितीतरी मोठा आहे, आणि तंबाखू खाणाऱ्याने चहा थंड करून प्यायल्याने त्याचा तंबाखूचा धोका टळत नाही.

सर्वांत स्पष्ट मोजमाप इराणच्या गोलेस्तान प्रांतातले आहे. तेथे काळा चहा दिवसभर आणि कढत प्यायला जातो, आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचे प्रमाण पूर्वापार मोठे आहे. ४० ते ७५ वयाच्या पन्नास हजारांवर लोकांची वर्षानुवर्षे पाहणी झाली. ‘तुम्ही चहा किती गरम पिता’ या प्रश्नाच्या उत्तरावर संशोधक विसंबले नाहीत, कारण एकाचे ‘कोमट’ दुसऱ्याचे ‘कढत’ असते. त्यांनी एकाच वेळी दोन कप भरले आणि एकात तापमापी ठेवली. चहा ७५ अंशांवर आला की त्या व्यक्तीला दुसऱ्या कपातला घोट घ्यायला सांगितले, आणि रोजच्यासारखा लागतो का ते विचारले. नाही म्हटल्यास पाच अंश उतरण्याची वाट पाहून पुन्हा तेच. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, दिवसाला ७०० मिली किंवा जास्त चहा ६० अंश किंवा त्याहून गरम पिणाऱ्यांत या कर्करोगाचा धोका, कमी आणि कमी गरम चहा पिणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ९० टक्क्यांनी अधिक होता. म्हणून ६५ची वाट न पाहता ६० ही मर्यादा धरणे शहाणपणाचे.

एक शंका रास्त आहे. ६० अंशांचे पाणी हातावर सांडले तर साधारण पाच सेकंदांत प्रौढ माणसाची त्वचा खोल भाजते. मग तोंड ते कसे सोसते? घोट लहान असतो, ओठांशी हवेबरोबर आत ओढला जातो, जिभेवर पसरतो, लाळेत मिसळतो आणि एका जागी थांबत नाही. या सगळ्यात त्याची बरीच उष्णता निघून जाते. मात्र घोट मोठा झाला की हे संरक्षण लगेच तोकडे पडते. ६५ अंशांच्या कॉफीचा २० मिलीचा, म्हणजे चार चहाच्या चमच्यांएवढा, घोट एकदम गिळला तर अन्ननलिकेच्या आतले तापमान १२ अंशांपर्यंत वाढू शकते, असे प्रत्यक्ष मोजमापात आढळले आहे. मोठ्या घोटाचा गाभा तोंडात निवत नाही आणि तसाच खाली उतरतो. घाईत चहा ‘मारणे’ धोक्याचे ठरते ते यामुळे.

जिभेचा कौल येथे फसवा आहे. वर्षानुवर्षे कढत पिणाऱ्याला ७० अंशांचा चहाही नेहमीचाच वाटतो, आणि अन्ननलिका जिभेइतकी चटकन तक्रार करत नाही. तरी काही खुणा भरवशाच्या आहेत. प्रत्येक घोटाला फुंकर घालावी लागत असेल, घोट तोंडात घोळवत श्वास आत ओढावा लागत असेल, किंवा गिळल्यावर छातीच्या मधल्या हाडामागे गरम रेघ उतरल्यासारखी जाणवत असेल, तर पेय नक्कीच जास्त गरम आहे. दुसऱ्या दिवशी टाळू खरखरीत लागणे आणि जिभेचे टोक बधिर राहणे ही आदल्या दिवशीच्या चटक्याची साक्ष असते.

म्हणून घरोघरी एकदा तरी मोजणी करावी. स्वयंपाकात वापरायची टोकदार डिजिटल तापमापी यासाठी पुरते. ताप मोजायची तापमापी वापरू नये, ती ४२-४३ अंशांपलीकडे जात नाही आणि काचेची असल्यास तडकते. रोजचा चहा रोजच्याच दोन कपांत एकाच वेळी ओतावा, एका कपात तापमापीचे टोक मध्यभागी धरावे आणि घड्याळ पाहावे. आकडा ६० वर आला की दुसऱ्या कपातला घोट घेऊन ती ऊब जिभेला ओळखीची करून द्यावी, आणि किती मिनिटे लागली ते लक्षात ठेवावे. चिनी मातीच्या भरलेल्या कपाला, पंखा बंद असेल तर, आठ-दहा मिनिटे सहज लागतात. पंख्याखाली हा वेळ बराच कमी होतो, कारण गरम पेयाची सर्वाधिक उष्णता पृष्ठभागावरच्या वाफेबरोबर जाते. झाकण किंवा सायीचा पापुद्रा ही वाफ अडवतो; साय बाजूला केली तरी फरक पडतो. एकदा वेळ कळला की पुढे तापमापीची गरज उरत नाही, घड्याळ पुरते.

थांबायला वेळ नसेल तर बशी आहे. तिचे काम किती चोख आहे ते हिशेबाने पाहण्यासारखे आहे. ४० मिली चहा ८० अंशांवर आहे आणि १५० ग्रॅमची चिनी मातीची बशी खोलीइतकी, म्हणजे ३० अंशांवर आहे असे धरू. चिनी मातीची उष्णता साठवण्याची क्षमता पाण्याच्या साधारण एक-पंचमांश असते, त्यामुळे ही बशी ३० मिली गार पाण्याइतकी उष्णता शोषते. ४० गुणिले ८० म्हणजे ३२००, ३० गुणिले ३० म्हणजे ९००. बेरीज ४१०० भागिले ७०, उत्तर ५८ ते ५९ अंश. बशीला ही उष्णता पूर्ण शोषायला काही सेकंद लागतात, पण तेवढ्यात पसरट पृष्ठभागावरून वाफही जाऊ लागते. चहा पातळ न होता, अर्ध्या मिनिटाच्या आत तो पिण्याजोगा होतो. दुसऱ्यांदा ओतताना बशी तापलेली असते, म्हणून दुसऱ्या खेपेला थोडे अधिक थांबावे. बशीतून पिणे अडाणीपणाचे मानून ही सवय सोडू नये; वडीलधाऱ्यांची ही रीत आरोग्याच्या दृष्टीने उत्तम आहे.

वरून गार दूध घालणे हा उपाय वाटतो तितका उपयोगी नाही. १०० मिली चहा ८५ अंशांवर असताना फ्रीजमधले १० अंशांचे दोन चमचे दूध घातले तर तो जेमतेम ७८ वर येतो. ६० पर्यंत आणण्याइतके दूध घातले तर चहाची चव उरत नाही.

कागदी पेला याच्या अगदी उलट वागतो. तो चार-पाच ग्रॅमचा असतो, त्यामुळे चहाची उष्णता जवळजवळ शोषतच नाही, आणि थर्मासमध्ये ८० अंशांवर राखलेला चहा ओठांपर्यंत साधारण तेवढाच गरम पोहोचतो. पेला वरच्या काठाशी धरला की हातालाही इशारा मिळत नाही. रक्तदान शिबिरे, गणेश मंडळे, सभा, लग्नकार्ये आणि कार्यालये येथे चहा देणाऱ्यांनी तो पिण्याच्या वेळेच्या पाच-सात मिनिटे आधी ओतून ठेवावा आणि पेले काठोकाठ भरू नयेत. चहावाल्यांनी मागणाऱ्या गिऱ्हाइकाला बशी किंवा रिकामा दुसरा पेला आनंदाने द्यावा. एका पेल्यातून दुसऱ्यात दोन-तीनदा ओतल्यानेही चहा लवकर निवतो.

सूप आणि रस्सा यांच्याबाबत अधिक सावध राहावे. दाट सूपात वरचा थर निवतो, पण पिठूळपणामुळे आतले सूप वर येत नाही; वरचा चमचा सोसवतो आणि खालचा पोळतो. रश्शावर तर्री असेल तर ती वाफ कोंडून धरते, म्हणून वाफ दिसत नाही आणि रस्सा निवलेला भासतो. दोन्ही पदार्थ पसरट वाटीत घ्यावेत, तळापासून ढवळावेत आणि चमचा खालच्या भागातून घेऊन तपासावे. मायक्रोवेव्हमध्ये तापवलेले सूप काही ठिकाणी उकळते आणि काही ठिकाणी कोमट असते, तेव्हा ढवळून मिनिटभर ठेवावे. लहान मुलांना आणि अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना ६० अंशही जास्त होतात. त्यांना मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून कोमट लागेल तेव्हाच भरवावे. कडेवर मूल असताना गरम पेय हातात घेऊ नये.

तोंड पोळलेच तर लगेच गार पाण्याच्या चुळा भराव्यात आणि पाणी तोंडात धरून बदलत राहावे, असे दहा मिनिटे तरी करावे. बर्फाचा खडा थेट पोळलेल्या जागी लावू नये. टूथपेस्ट किंवा हळद चोळू नये. दोन दिवस मऊ, गार आणि कमी तिखट खावे. साधा चटका आठवड्याभरात भरून येतो. मात्र पोळल्यानंतर आवाज घोगरा झाला, लाळ गिळता येईना, श्वास घेताना आवाज येऊ लागला किंवा मूल लाळ गाळत पुढे वाकून बसू लागले, तर घशाच्या वरच्या भागाला सूज येत असते. ती काही तासांत वाढून श्वास अडवू शकते, म्हणून पाणी पाजत न बसता थेट रुग्णालय गाठावे. चटका लागलेला आठवत नसला तरी भाकरीचा किंवा पोळीचा घास छातीत अडकल्यासारखा वाटणे दोन-तीन आठवड्यांहून अधिक राहिले, किंवा त्यासोबत वजन घटू लागले, तर कान-नाक-घसा किंवा पोटविकारांच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी; त्याआधी पातळ खाऊन दिवस ढकलू नयेत.